फोटोतला भौतिकशास्त्राचा प्रश्न : मिती लावून चुकीचे पर्याय कसे गाळायचे

रात्री साडेदहाच्या पुढे माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. दादरच्या क्लासमधली बारावीची मुलं घरी पोचलेली असतात, जेवणं झालेली असतात आणि अडलेला प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. खाली एकच ओळ : "सर, मिती लावली, तरी उत्तर चुकलं." दहातल्या सात वेळा मिती बरोबर लावलेली असते. चूक त्याआधीच, फोटो वाचताना झालेली असते. बाकीच्या तीन वेळा, मिती जे सांगूच शकत नाही ते तिच्याकडून वदवून घेतलेलं असतं.

हा लेख या दोन चुकांसाठी आहे. एकच प्रश्न घेऊन तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवू. प्रश्न असा :

धुक्याचा एक गोल थेंब स्थिर हवेत विरामावस्थेतून सोडला. थेंबाची त्रिज्या r, पाण्याची घनता ρ, हवेचा श्यानता गुणांक η आणि गुरुत्व त्वरण g आहे. हवेचं उत्प्लावक बल दुर्लक्षित केल्यास t वेळेनंतर थेंबाचा वेग v किती?

```
(अ)  v = (2r²ρg/9η) · (1 − e^(−9ηt/2ρr))
(ब)  v = (2r²ρg/9η) · (1 − e^(−9ηt/2ρr²))
(क)  v = (2rρg/9η)  · (1 − e^(−9ηt/2ρr²))
(ड)  v = (2r²ρg/9η) · (1 + e^(−9ηt/2ρr²))
```

अंतिम वेगाचं सूत्र पाठ असतं, पण "t वेळेनंतरचा वेग" फारसं कुणी पाठ करत नाही. म्हणूनच हा प्रश्न निवडला. सूत्र आठवत असेल तर मितीची गरजच नाही.

तयारी

एक कोरा कागद, पेन्सिल आणि वेगळ्या रंगाचं पेन एवढंच लागतं. रंगीत पेन फक्त शंकेसाठी ठेवायचं. फोनच्या स्क्रीनकडे बघत मनातल्या मनात मिती लावू नका. स्क्रीनवर बोटांनी फोटो मोठा केला की सूत्राचा अर्धा भाग बाहेर जातो आणि छेदातलं एखादं अक्षर हमखास सुटतं.

टप्पा १ : वाचता येईल असा फोटो मिळवा

वरच्या पर्यायांमध्ये सगळं भांडण एका चिमुकल्या 2 वर आहे, आणि तो 2 घातांकाच्याही घातांकात बसलेला आहे. छपाईत मुख्य सूत्र १० पॉइंटमध्ये असेल, तर घातांक साधारण ७ पॉइंटचा आणि त्याच्यावरचा घातांक ५ च्या आसपास असतो. फोटो पाठवताना आकार दाबला गेला की पहिला बळी याच आकड्याचा जातो. बाकी सगळं पान स्वच्छ दिसतं, त्यामुळे काही हरवलंय अशी शंकासुद्धा येत नाही.

फोटो काढणाऱ्यासाठी : पुस्तक सपाट ठेवा, फोन पानाला समांतर धरा आणि पूर्ण पानाऐवजी एकाच प्रश्नाचा फोटो काढा. टेबलावरच्या ट्यूबलाइटखाली फोनचीच सावली सूत्रावर पडते, तेव्हा पुस्तक फिरवून घ्या. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. आणि विरार फास्टमध्ये उभ्या उभ्या काढलेला फोटो घरी पोचल्यावर पुन्हा काढा. डबा हलत असताना छेदरेषा दोन दिसतात आणि वजाचं चिन्ह बरोबरीच्या चिन्हासारखं होतं.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेतलेल्या जुन्या पुस्तकांचा आणखी एक उपद्रव असतो. आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेली खूण नेमकी r च्या डोक्यावर असली की फोटोत ती घातासारखी दिसते. फोटो काढण्याआधी खोडरबर फिरवा.

> तपासा : फोटो मोठा केल्यावर घातांकातला सगळ्यात लहान आकडा ओळखता येतो का? "असावा बहुतेक" असं वाटलं तर त्याचा अर्थ येत नाही.

टप्पा २ : प्रश्न हाताने उतरवा आणि शंकेला गोल करा

आधी पर्याय झाकून फक्त प्रश्न उतरवा. प्रत्येक अक्षराशेजारी प्रश्नाने त्याला दिलेलं नाव लिहा : r म्हणजे त्रिज्या, ρ म्हणजे घनता, η म्हणजे श्यानता. ज्या अक्षराला प्रश्नात नावच नाही ते रंगीत पेनने गोल करा.

फोटोत गोंधळ घालणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत. ρ आणि p, η आणि n, ν आणि v, l आणि 1. कागद थोडा तिरका असेल तर ρ आणि p मध्ये शेपटीच्या वळणापलीकडे काहीच फरक उरत नाही. आपल्या प्रश्नात ρ ला p समजून दाब लिहिलात, तर पुढची सगळी मिती कोसळते आणि चारही पर्याय चूक ठरतात. चारही पर्याय बाद झाले तर बहुतेक वेळा दोष पेपर काढणाऱ्याचा नसतो, तुमच्या वाचनाचा असतो. या टप्प्यावर परत या.

आता पर्याय उतरवा. इथे एक नियम पाळायचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पद्धतीत सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच : प्रश्नातलं अक्षर मितीच्या मदतीने ओळखलं तर चालेल. पर्यायातला घात मितीच्या मदतीने भरायचा नाही.

का, ते सांगतो. ही माझीच फजिती आहे. एका मुलीने हाच प्रश्न पाठवला होता. फोटोत (अ) आणि (ब) अगदी जुळ्या भावंडांसारखे दिसत होते. दोन्हीकडे घातांकाच्या छेदात r आणि त्यावर एक राखाडी ठिपका. मी मिती लावली, तिथे r² हवं हे निघालं आणि "(अ) बरोबर आहे गं" असं लिहून फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक आणलं. छापील पानावर (अ) मध्ये नुसता r होता आणि ठिपका कागदाचा होता. r² होता तो (ब) मध्ये.

माझी मिती बरोबर होती. ती मला "बरोबर पर्यायात काय असायला हवं" हे सांगत होती. मी मात्र "या पर्यायात काय छापलंय" हे तिच्याकडून काढून घेतलं. चुकीचा पर्याय मीच दुरुस्त केला आणि मग त्याला बरोबर म्हटलं. पेपर काढणारा एकसारखे दोन पर्याय देत नाही. त्यामुळे दोन पर्याय सारखे दिसले तर त्यांच्यात फरक आहे आणि तो फोटोने गिळला आहे, हे पक्कं समजा. अशा वेळी उत्तर म्हणून अक्षर सांगू नका, सूत्र सांगा : "ज्या पर्यायात घातांकाच्या छेदात r² आहे तो." अक्षर पुस्तक बघून ठरेल.

> तपासा : कोणतेही दोन पर्याय कागदावर हुबेहूब सारखे उतरलेत का? उतरले असतील तर पुढे जा, पण दोघांनाही रंगीत गोल करून ठेवा.

टप्पा ३ : प्रत्येक राशीचे तीन आकडे लिहा

मिती लिहिताना मुलं मोठे मोठे अपूर्णांक मांडतात आणि छेदातला ऋण घात वर आणताना चिन्ह चुकवतात. मी त्यांना तीन रकाने काढायला सांगतो : वस्तुमान M, लांबी L, वेळ T. प्रत्येक राशीसमोर तीन आकडे. गुणाकार असेल तर आकड्यांची बेरीज, भागाकार असेल तर वजाबाकी, वर्ग असेल तर दुप्पट. मग सगळं गणित बेरीज-वजाबाकीवर येतं.

```
        M    L    T
v       0    1   −1
r       0    1    0
ρ       1   −3    0
g       0    1   −2
η       1   −1   −1
t       0    0    1
```

यातली η ची ओळ पाठ करू नका. पाठ केलेली ओळ परीक्षेत दगा देते. जे सूत्र नक्की येतं त्यातून ती काढा. स्टोक्सचा नियम सगळ्यांना येतो : F = 6πηrv. म्हणजे η = F/(rv), कारण 6π ला मिती नाही. बलाचे आकडे 1, 1, −2. त्यातून r चे 0, 1, 0 आणि v चे 0, 1, −1 वजा केले की उरले 1, −1, −1. दहा सेकंदांचं काम आहे. एककाने पडताळा घ्यायचा तर पास्कल-सेकंद म्हणजे किलोग्रॅम प्रति मीटर प्रति सेकंद, तेच तीन आकडे.

> सावधान : रकान्याच्या डोक्यावरचा T म्हणजे वेळ. पण प्रश्नातला T हा आवर्तकाल, तापमान, दोरीतला ताण किंवा काही पुस्तकांत पृष्ठताणही असतो. प्रश्नात T असेल तर कागदावर त्याच्याऐवजी वेगळं अक्षर घ्या. हा गोंधळ आवाज न करता होतो आणि शेवटपर्यंत सापडत नाही.

टप्पा ४ : मागितलेली राशी वेगळी लिहा

इथे थांबायचं फारसं कारण नाही. प्रश्न v मागतो, म्हणजे लक्ष्य 0, 1, −1. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवा. फक्त प्रश्न "वेग" मागतोय, "वेग बदलण्याचा दर" मागतोय की "वेगाचा वर्ग", एवढं पुन्हा एकदा वाचून घ्या. फोटोचा उजवा काठ कापला गेला असेल तर नेमका हाच शब्द गेलेला असतो.

टप्पा ५ : पर्याय गाळा, सुरुवात घातांकापासून

बहुतेक जण सूत्राच्या पुढच्या भागापासून सुरू करतात आणि तो जमला की समाधान मानतात. (अ), (ब) आणि (ड) या तिघांचा पुढचा भाग सारखाच आहे, त्यामुळे त्या रस्त्याने तिघांनाही "बरोबर" मिळतं. मग e च्या डोक्यावर काय आहे ते कुणी बघतच नाही.

म्हणून उलट्या दिशेने जा. e चा घातांक, साइन-कोसाइनच्या आतली राशी आणि लॉगच्या आतली राशी या तिन्ही जागी तिन्ही रकाने शून्य यायलाच हवेत. कारण सोपं आहे. eˣ उलगडला की 1 + x + x²/2 + … अशी बेरीज होते. x मीटरमध्ये असेल तर 1 मध्ये मीटर आणि मीटरमध्ये चौरस मीटर मिळवावे लागतील. शेरात गज मिळवता येत नाहीत.

(अ) चा घातांक बघू, ηt/ρr. आकडे 9 आणि 2 सोडून द्या.

M : 1 − 1 = 0
L : −1 − (−3) − 1 = 1
T : −1 + 1 = 0

L च्या रकान्यात 1 उरला. घातांकात एक लांबी शिल्लक आहे, म्हणून (अ) बाद.

बाकी तिघांचा घातांक ηt/ρr² आहे. L च्या रकान्यात आता −1 + 3 − 2 = 0. तिन्ही शून्य. (ब), (क) आणि (ड) पुढे गेले.

ρ छेदात आहे आणि त्याचा L चा आकडा −3 आहे. वजाबाकीत ऋण वजा होऊन तो +3 होतो. माझ्याकडे येणाऱ्या चुकांमध्ये सगळ्यात जास्त गर्दी इथेच असते : मुलं −1 − 3 − 2 करतात, −6 येतं आणि बरोबर पर्याय कचऱ्यात जातो. छेदातल्या प्रत्येक राशीचे तिन्ही आकडे आधी चिन्ह उलटून लिहा आणि मग नुसती बेरीज करा.

आता कंसाआधीचा भाग. कंसात 1 आहे, म्हणजे कंसाला मिती नाही. तेव्हा संपूर्ण वेगाची मिती पुढच्या भागातच यायला हवी. (ब) आणि (ड) मध्ये r²ρg/η :

M : 1 − 1 = 0
L : 2 − 3 + 1 + 1 = 1
T : −2 + 1 = −1

चौकटीतलेच आकडे. (क) मध्ये r चा वर्ग नाही, त्यामुळे L मध्ये 1 − 3 + 1 + 1 = 0 येतो आणि उरतो नुसता T⁻¹. ते वारंवारतेचं एकक झालं, वेगाचं नाही. (क) बाद.

> तपासा : पर्यायात बेरीज किंवा वजाबाकी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंची मिती वेगवेगळी काढलीत का? एकच पद काढून पुढे गेलात तर अर्धीच तपासणी झाली.

टप्पा ६ : उरलेल्यांना टोकावर उभं करा

(ब) आणि (ड) मध्ये फरक फक्त वजा आणि अधिक चिन्हाचा आहे. चिन्हाला मिती नसते, त्यामुळे मितीचं काम इथे संपलं. यानंतर कितीही वेळ मिती लावत बसलात तरी ती दोघांनाही बरोबरच म्हणणार.

आता प्रश्नातली एखादी राशी टोकाला न्यायची आणि काय घडायला हवं हे आधीच ठरवायचं. कोणतं टोक घ्यायचं हे महत्त्वाचं. t खूप मोठा घेतला तर e चा भाग शून्य होतो आणि दोन्ही पर्याय एकच अंतिम वेग देतात, म्हणजे ते टोक निरुपयोगी. जिथे दोन पर्याय वेगवेगळं बोलतात ते टोक शोधा. इथे ते t = 0 आहे. थेंब विरामावस्थेतून सोडलाय, त्यामुळे v शून्यच असायला हवा. (ब) मध्ये 1 − 1 = 0 येतं. (ड) मध्ये 1 + 1 = 2, म्हणजे थेंब हातातून सुटायच्या क्षणीच अंतिम वेगाच्या दुप्पट वेगाने निघाला! (ड) बाद. (ब) उरला.

"विरामावस्थेतून" हा शब्द फोटोत कापला गेला असता तर हे टोक वापरताच आलं नसतं. थेंब आधीच वेगाने खाली फेकलेला असेल तर अधिक चिन्हाचं सूत्रही शक्य असतं. म्हणून प्रश्नाची पहिली ओळ पूर्ण दिसते का, ते बघा.

वेळ असेल तर आणखी एक टोक घ्या, मला ते फार आवडतं. t अगदी लहान असताना हवेने अजून काही अडवलेलंच नसतं, तेव्हा थेंब मोकळा पडायला हवा : v = gt. लहान x साठी 1 − e^(−x) म्हणजे जवळपास x. तर (ब) मधून

```
v ≈ (2r²ρg/9η) · (9ηt/2ρr²) = gt
```

सगळं कटून नेमका gt उरला. या तपासणीचा खरा फायदा आकड्यांसाठी आहे. समजा एखाद्या पर्यायात पुढे 2/9 आणि घातांकात 9/4 दिलं असतं, तर मितीला ते कळलंच नसतं. पण इथे gt ऐवजी gt/2 आलं असतं आणि चोर सापडला असता. अर्थात दोन्हीकडे सारखीच चूक केली असेल, म्हणजे पुढे 4/9 आणि घातांकात 9/4, तर याही तपासणीतून ती सुटते. तेव्हा मात्र F = 6πηrv लिहून अंतिम वेग सरळ काढण्याशिवाय इलाज नाही.

टप्पा ७ : संख्या दिल्या असतील तर

हाच प्रश्न कधी कधी आकड्यांसह येतो : त्रिज्या १० मायक्रोमीटर, पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर, हवेची श्यानता १.८ × १०⁻⁵ पास्कल-सेकंद, अंतिम वेग काढा. उत्तर साधारण १.२ सेंटिमीटर प्रति सेकंद येतं. पर्यायांमध्ये 1.2 cm/s आणि 1.2 m/s दोन्ही दिलेले असतात. दोघांची मिती एकच, L T⁻¹. इथे मितीला विचारून काही उपयोग नाही, सगळ्या राशी एकाच पद्धतीच्या एककांत आणून आकडेमोडच करावी लागते. श्यानता पॉइजमध्ये दिली असेल तर आधी दहाने भागून पास्कल-सेकंद करा.

फोटोत सगळ्यात धोकादायक अक्षर म्हणजे μ. शेपटी पुसली गेली की μm चा mm दिसतो. मितीच्या दृष्टीने दोन्ही लांबीच आहेत, त्यामुळे तपासणी हसत हसत पार पडते. पण सूत्रात r चा वर्ग आहे. त्रिज्या हजारपट झाली की वेग दहा लाखपट होतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ किलोमीटर. पृथ्वीचं गुरुत्व ओलांडून जायला लागणारा वेग ११.२ किलोमीटर प्रति सेकंद आहे. माथेरानच्या धुक्यातला थेंब त्याहून वेगाने खाली येत असेल तर तुम्ही mm वाचलाय, μm नाही. शिवाय "धुक्याचा थेंब" हे शब्द प्रश्नातच आहेत. १० मिलिमीटर त्रिज्येचा, म्हणजे दोन सेंटिमीटर रुंद थेंब धुक्यात नसतो.

टप्पा ८ : परत फोटोकडे

उत्तर लिहिण्याआधी रंगीत गोल मोजा. जो पर्याय निवडला त्यात गोल नसेल तर काम झालं. बाद केलेल्या एखाद्या पर्यायात गोल असेल, तर तो नेमका त्या गोलामुळे बाद झाला का ते बघा. (अ) जर ठिपक्याचा r वाचून बाद केला असेल तर तो निकाल कच्चा आहे. नवा फोटो येईपर्यंत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

जिथे मितीवर फार भरवसा ठेवू नये

शेवटी एक छोटा प्रश्न, कारण यातही तेच दोन्ही सापळे आहेत. R त्रिज्येचा पाण्याचा एक मोठा थेंब फोडून n सारखे लहान थेंब केले. पृष्ठताण S असेल तर किती कार्य करावं लागेल?

```
(अ)  4πR²S(n^(1/3) − 1)
(ब)  4πR²S(n^(2/3) − 1)
(क)  4πRS(n^(1/3) − 1)
(ड)  4πR³S(n^(1/3) − 1)
```

फोटोत n हटकून η सारखा दिसतो. इथे मिती प्रश्न वाचायला मदत करते : कंसात त्यातून 1 वजा केलाय, आणि श्यानतेतून 1 वजा करता येत नाही. शिवाय प्रश्नात "n थेंब" असं नावही दिलंय. तेव्हा तो n च.

पृष्ठताण म्हणजे प्रति लांबी बल, आकडे 1, 0, −2. कार्याचे आकडे 1, 2, −2. R²S मध्ये तेच मिळतात, RS मध्ये L एकाने कमी पडतो आणि R³S मध्ये एकाने जास्त होतो. (क) आणि (ड) गेले. (अ) आणि (ब) मध्ये फरक n च्या घातात आहे, पण n ही नुसती संख्या असल्याने तिला मिती नाही. मिती गप्प.

बरेच जण आता n = 1 हे टोक घेतात : थेंब फोडलाच नाही तर कार्य शून्य. विचार चांगला, पण दोन्ही पर्याय शून्यच देतात. टोक चुकीचं निवडलं गेलं. अशा वेळी टोक सोडा आणि सोयीची संख्या घ्या. n = 8 घ्या, म्हणजे घनमूळ सरळ येतं. एकूण घनफळ तेवढंच राहायचं असल्याने प्रत्येक लहान थेंबाची त्रिज्या R/2. आठ थेंबांचं एकूण पृष्ठफळ 8 × 4π(R²/4), म्हणजे मूळच्या दुप्पट. वाढ झाली 4πR² इतकी आणि कार्य 4πR²S. (अ) च्या कंसात 2 − 1 = 1 येतं, (ब) च्या कंसात 4 − 1 = 3.

8 वर विश्वास बसत नसेल तर 27 घ्या. त्रिज्या R/3, पृष्ठफळ तिप्पट, वाढ दुप्पट. (अ) चा कंस 3 − 1 = 2, (ब) चा 9 − 1 = 8.